खरेपणा, पुरेपणा आणि त्यांचा एक आकडा

खटला मोठा होता. एका कंपनीचा बचाव करायचा म्हणून वकिलांनी सुमारे ४०,००० कागदपत्रं गोळा केली होती. पानं मोजली तर साडेतीन लाखांच्या घरात. हा सगळा पसारा आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ नावाच्या संगणक प्रणालीत भरलेला होता आणि त्यातला कोणताही शब्द शोधता येत होता. वकील आपला प्रश्न सांगायचे, सहायक त्यासाठी योग्य शब्द जुळवून शोध घ्यायचे, सापडलेले कागद वकिलांपुढे यायचे. वकील ते वाचायचे आणि समाधान झालं नाही तर पुन्हा शोध घ्यायला सांगायचे. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की प्रत्येक प्रश्नाशी संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी हाती लागलेच पाहिजेत. तेवढे मिळाले अशी खात्री पटली की मगच ते थांबायचे.

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन अभ्यासकांनी हे काम तपासलं आणि १९८५ साली निष्कर्ष छापले. संबंधित कागदांपैकी वकिलांच्या हाती सरासरी २० टक्के लागले होते. पाचातले चार कागद संगणकातच पडून होते, आणि वकिलांना त्याचा पत्ताही नव्हता.

अनुभवी वकिलांना हे जाणवलं कसं नाही? कारण त्यांच्या टेबलावर आलेला गठ्ठा उत्तम होता. त्यातले सरासरी ७९ टक्के कागद खरोखरच कामाचे होते. कागदामागून कागद उपयोगी निघत असला की शोध छान चाललाय असंच कुणालाही वाटेल. टेबलावरचा गठ्ठा डोळ्यांना दिसतो. जे टेबलावर आलंच नाही ते दिसायचं कुठून?

कागद निसटले ते शब्दांमुळे. खटला एका अपघातावरून उभा राहिला होता, म्हणून शोधही ‘अपघात’ या शब्दाने व्हायचा. पण कंपनीच्या बाजूची माणसं आपापसातल्या पत्रांत त्याला अपघात म्हणतच नव्हती. कुणी ‘ती घटना’ लिहिलं होतं, कुणी ‘तो प्रसंग’, कुणी ‘ती अडचण’. अंगावर आलेल्या गोष्टीला माणूस सौम्य नाव देतो, आणि संगणक त्याला दिलेला शब्द तेवढा शोधतो.

या गोष्टीत दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. उचललेल्या कागदांपैकी कामाचे किती, तर ७९ टक्के. याला ‘प्रिसिजन’ म्हणतात. कामाच्या एकूण कागदांपैकी सापडले किती, तर २० टक्के. याला ‘रिकॉल’ म्हणतात. मराठीत बोलायचं तर पहिला आकडा निवडीचा खरेपणा सांगतो आणि दुसरा शोधाचा पुरेपणा. पुढे मी हेच दोन शब्द वापरणार आहे.

एखाद्या गोष्टीला ‘हवी’ किंवा ‘नको’ अशा दोन खणांत टाकणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला, म्हणजे क्लासिफायरला, हे दोन आकडे लागू होतात. फसवे मेसेज वेगळे काढणारा प्रोग्रॅम असो की एक्स-रेवरून संशयित रुग्ण ओळखणारा, त्याला दोन प्रश्न विचारावेच लागतात: तू जे उचललंस त्यात खरं किती, आणि जे उचलायला हवं होतं त्यातलं उचललंस किती?

पंचाईत अशी की हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. शंभर टक्के पुरेपणा हवा असेल तर सगळेच्या सगळे ४०,००० कागद उचला. एकही सुटणार नाही, पण खरेपणा मातीत जाईल. शंभर टक्के खरेपणा हवा असेल तर ज्याबद्दल तिळमात्र शंका नाही असा एकच कागद उचला. मग पुरेपणा जवळजवळ शून्य. म्हणून यातला कुठलाही एक आकडा एकटा सांगितला तर त्याला काही अर्थ उरत नाही. आणि दोन्ही सांगितले तर दोन प्रोग्रॅमपैकी सरस कोणता हे ठरवताना घोडं अडतं. एक खरेपणात पुढे, दुसरा पुरेपणात पुढे. मग निवडायचा कोणता? म्हणून दोन्ही मिळून एक आकडा हवा असतो.

आपण पटकन दोन्हीची बेरीज करून दोनाने भागतो. वकिलांसाठी तसं करून पाहू: ७९ अधिक २०, भागिले दोन, म्हणजे ४९.५. जवळपास पन्नास टक्के. अर्धं काम झालं म्हणायचं. पण पाचातले चार कागद गमावलेल्या शोधाला ‘अर्धं काम झालं’ म्हणवत नाही. आणखी वाईट म्हणजे सगळे कागद आंधळेपणाने उचलणाऱ्यालाही ही सरासरी पन्नासच्या वर नेऊन बसवते, कारण पुरेपणाचे शंभर गुण त्याला फुकटात मिळालेले असतात.

इथे हरात्मक मध्य कामाला येतो. शाळेत तो भेटलेला असतो, पण बहुतेकांना आठवतो तो गाडीच्या गणितातून. समजा पुणे ते मुंबई अंतर १५० किलोमीटर धरलं. जाताना गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर होता, येताना घाटात कोंडी झाली आणि वेग ताशी २० वर आला. सरासरी वेग किती? चाळीस म्हणाल तर फसाल. जायला अडीच तास लागले, यायला साडेसात; दहा तासांत ३०० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ३०. अंतर दोन्ही वेळा तेच होतं, पण हळू प्रवासाने वेळ तिप्पट खाल्ला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली. हा ३० म्हणजे ६० आणि २० यांचा हरात्मक मध्य.

खरेपणा आणि पुरेपणा यांचंही असंच आहे. या दोन अपूर्णांकांचा अंश एकच असतो: बरोबर सापडलेले कागद. बदलतो तो छेद. खरेपणात त्याला उचललेल्या कागदांनी भागायचं, पुरेपणात मुळात असलेल्या कागदांनी. अंतर तेच, वेळ वेगवेगळा. तसे बरोबर कागद तेच, गठ्ठे वेगवेगळे. अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांची सरासरी काढायची तर छेदांची सरासरी घ्यायची, आणि हरात्मक मध्य नेमकं तेच करतो.

वकिलांच्या आकड्यांवर हे पडताळून पाहू. हे गणित माझं आहे, ब्लेअर आणि मॅरन यांनी आकडे वेगवेगळेच दिले होते. एखाद्या प्रश्नाशी संबंधित १०० कागद आहेत असं धरा. त्यातले २० सापडले. खरेपणा ७९ टक्के, म्हणजे हे २० मिळवायला साधारण २५ कागद उचलावे लागले. एक गठ्ठा २५ चा, दुसरा १०० चा. त्यांची सरासरी साडेबासष्टच्या आसपास. २० भागिले साडेबासष्ट म्हणजे ०.३२. साध्या सरासरीने जिथे ४९.५ टक्के दाखवले होते तिथे हरात्मक मध्य ३२ टक्के दाखवतो.

याच आकड्याला एफ-वन म्हणतात. सूत्र एका ओळीत मावतं:

F1 = २ × (बरोबर सापडलेले) ÷ (उचललेले + मुळात असलेले)

या सूत्राचा एक गुण पाहण्यासारखा आहे. दोनपैकी जो आकडा लहान असेल, त्याच्या दुपटीच्या पुढे एफ-वन कधीच जात नाही. वकिलांचा पुरेपणा २० टक्केच राहिला आणि खरेपणा ७९ वरून थेट १०० वर गेला, तरी एफ-वन ०.३२ वरून जेमतेम ०.३३ वर पोचतो. तेच पुरेपणा २० वरून ३० झाला आणि खरेपणा तसाच राहिला, तर एफ-वन ०.४३ होतो. लंगडा पाय कोणता आणि मेहनत कुठे घ्यायची, हे आकडाच दाखवतो. चांगल्या पायाला आणखी तेल चोळून तो वाढत नाही.

ही कल्पना कागद शोधण्याच्या शास्त्रातूनच आली. नेदरलँड्समध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ सी. जे. व्हॅन राइसबर्गन यांच्या माहिती-शोधावरच्या १९७९ च्या पुस्तकात ती सविस्तर मांडलेली आहे. गंमत म्हणजे त्यांचं मोजमाप उलटं होतं. त्यांनी त्याला ‘ई’ म्हटलं होतं आणि तो आकडा जितका लहान तितका शोध चांगला. एकातून ‘ई’ वजा केला की आजचा ‘एफ’ मिळतो. ‘एफ’ हे नाव १९९२ साली भरलेल्या एका परिषदेतून रुळलं. बातम्यांच्या मजकुरातून माहिती वेचणाऱ्या प्रोग्रॅमांची चढाओढ तिथे लावली जायची. हे अक्षर त्या पुस्तकातल्या भलत्याच एका सूत्राचं होतं आणि चुकून इकडे चिकटलं, असं सांगतात. पहिल्या ढोबळ आकड्याचं हे नाव मात्र कायमचं राहिलं.

आता एक उदाहरण सावकाश सोडवू. एका फोनवर १,००० मेसेज आले, त्यातले ५० फसवे आहेत: ‘तुमचं वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापणार’ अशा जातीचे. फसवे मेसेज ओळखणारा प्रोग्रॅम थेट हो किंवा नाही सांगत नाही. तो प्रत्येक मेसेजला शून्य ते एकमधला संशयाचा आकडा देतो, आणि किती संशयाच्या वर मेसेज अडवायचा ते आपण ठरवायचं असतं. ही रेघ वरखाली केली की तोच प्रोग्रॅम वेगळा वागू लागतो:

| रेघ | अडवलेले | त्यात खरोखर फसवे | खरेपणा | पुरेपणा | F1 |
|---|---|---|---|---|---|
| कडक | २० | १९ | ०.९५ | ०.३८ | ०.५४ |
| मधली | ५० | ४० | ०.८० | ०.८० | ०.८० |
| सैल | १२० | ४८ | ०.४० | ०.९६ | ०.५६ |
| सगळेच अडवा | १,००० | ५० | ०.०५ | १.०० | ०.१० |

शेवटची ओळ पाहा. सगळे मेसेज अडवणाऱ्याला साध्या सरासरीने ०.५२५ मिळाले असते. एफ-वनने त्याला ०.१० वर बसवलं. उलट एकही मेसेज न अडवणारा प्रोग्रॅम आणा. तो ९५० मेसेजांबाबत बरोबर आहे, म्हणून ‘माझी अचूकता ९५ टक्के’ अशी जाहिरात करू शकेल. त्याचा एफ-वन शून्य, कारण बरोबर सापडलेला एकही नाही. दुर्मीळ गोष्ट शोधायची असते तेव्हा नुसती अचूकता अशी फसवते, आणि एफ-वन मुख्यतः तेवढ्यासाठीच जवळ केला जातो.

पण पहिली आणि तिसरी ओळही पाहा. ०.५४ आणि ०.५६ म्हणजे जवळपास सारखेच गुण. वागणं मात्र एकदम उलट. कडक रेघ ३१ फसवे मेसेज आत सोडते, पण भल्या मेसेजांपैकी एकालाच हात लावते. सैल रेघ फक्त दोन फसवे सोडते, पण ७२ भले मेसेज अडवते, आणि त्यात एखादी इस्पितळाची तपासणीची वेळही असू शकते. एफ-वनला हा फरक दिसतच नाही. त्याच्या लेखी एक फसवा सुटणं आणि एक भला अडकणं या सारख्याच किमतीच्या चुका आहेत.

तुमच्या कामात तसं नसेल, तर व्हॅन राइसबर्गन यांनी त्याची सोय आधीच करून ठेवली होती. सूत्रात बीटा नावाचा एक आकडा असतो. बीटा २ घेतला तर पुरेपणाला जास्त वजन मिळतं, अर्धा घेतला तर खरेपणाला. एफ-वन म्हणजे बीटा १, दोघांना समान वजन. हिशोबात बीटाचा वर्ग वापरतात, म्हणून बीटा २ घेतल्यावर सुटलेल्या एका गोष्टीचं ओझं चुकीने उचललेल्या एका गोष्टीच्या चौपट धरलं जातं. आपल्या कडक रेघेचा एफ-टू येतो ०.४३ आणि सैल रेघेचा ०.७५. बीटा अर्धा घेतला की चित्र पालटतं: कडक ०.७३, सैल ०.४५. प्रोग्रॅम तेच, मेसेज तेच; बदललं ते एवढंच की कोणती चूक आपल्याला जास्त महाग पडते हे आपण सांगितलं. क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीत रुग्ण सुटणं महाग, म्हणून बीटा मोठा. निर्दोष माणसाचं बँक खातं गोठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बीटा लहान. हा निर्णय गणित करून देत नाही, तो आधी माणसाने घ्यायचा असतो. न विचार करता एफ-वन वापरणाराही निर्णय घेतच असतो. दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत असं तो न बोलता कबूल करतो.

एफ-वनची दुसरी मर्यादा जास्त लपलेली आहे. सूत्र पुन्हा वाचा: त्यात सापडलेले आहेत, उचललेले आहेत, मुळात असलेले आहेत. जे भले होते आणि योग्यच सोडून दिले, त्या ९४० मेसेजांचा त्यात कुठेही उल्लेख नाही. यातून दोन विचित्र गोष्टी निघतात.

पहिली: कोणत्या बाजूने मोजता त्यावर आकडा बदलतो. मधल्या रेघेचा प्रोग्रॅम फसवे शोधताना ०.८० मिळवतो. आता तेच काम ‘भले मेसेज ओळखणे’ म्हणून मोजा. भले ९५० आहेत, प्रोग्रॅमने ९५० भले ठरवले, त्यातले ९४० बरोबर. एफ-वन ०.९९. एकाच कामाला दोन प्रगतिपुस्तकं. म्हणून ‘आमचा एफ-वन ०.९९’ असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा: कशाचा? पायथनमधल्या scikit-learn या लायब्ररीत `f1_score` वापरताना दोन वर्ग असतील तर ज्याला 1 असं लेबल दिलंय तोच वर्ग ‘हवा असलेला’ धरला जातो. लेबलं उलटी पडली तर हा चुकीचा आकडा विनातक्रार छापून येतो.

दुसरी: हवी असलेली गोष्ट मुळात किती आहे यावर आकडा बदलतो. आपल्या हजार मेसेजांत फसवे ५० ऐवजी ५०० असते, तर डोळे मिटून सगळेच अडवणाऱ्याचा एफ-वन ०.१० वरून थेट ०.६७ झाला असता. मधल्या रेघेचा प्रोग्रॅमही काहीच न शिकता ०.८० वरून ०.८८ वर गेला असता, कारण भले मेसेज कमी म्हणून चुकून अडकायलाही कमी. प्रयोगशाळेत निम्मे फसवे, निम्मे भले मेसेज घेऊन प्रोग्रॅम तपासला जातो, तिथे सुंदर आकडा येतो, आणि खऱ्या फोनवर तोच प्रोग्रॅम उताणा पडतो. यामागचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून एफ-वनसोबत हवी असलेली गोष्ट शेकडा किती होती हे विचारावं, आणि ‘सगळंच उचला’ या बिनडोक पद्धतीला त्याच मेसेजांवर किती मिळतात तेही काढून बघावं. निम्म्या-निम्म्या मेसेजांवर ०.७० हा आकडा त्या ०.६७ च्या शेजारी ठेवला की त्याचा तोरा उतरतो. शेकडा पाच फसवे असताना तोच ०.७० कौतुकाचा असतो.

तिसरी अडचण मात्र सूत्रातली नाही, ती आपल्याला पुन्हा त्या वकिलांकडे नेते. एफ-वन काढायला पुरेपणा हवा, आणि पुरेपणा काढायला मुळात किती होते ते माहीत हवं. टेबलावरच्या गठ्ठ्यावरून खरेपणा कळतो, कारण गठ्ठा वाचता येतो. पुरेपणा कळायला न उचललेल्या ढिगात हात घालावा लागतो. ब्लेअर आणि मॅरन यांनी चाळीस हजार कागद वाचले नाहीत. शोधात न आलेल्या कागदांपैकी जिथे कामाचे कागद दडलेले असण्याची शक्यता जास्त, अशा भागांतून त्यांनी नमुने काढले, कोणते कुठून आले हे न सांगता ते त्याच वकिलांपुढे ठेवले आणि विचारलं: हा तुमच्या कामाचा आहे का? उत्तरांवरून निसटलेल्यांचा अंदाज बांधला. त्यांचा २० टक्के हा आकडाही अंदाजच आहे, आणि नमुन्याबाहेरही काही दडलेलं असणारच म्हणून प्रत्यक्ष पुरेपणा त्याहून कमीच असू शकतो.

आजही हीच खोट वारंवार सापडते. प्रोग्रॅमने अडवलेले मेसेज माणसं तपासतात, चुका मोजतात, आकडा ठरवतात. सोडलेले मेसेज कुणी उघडतच नाही. अशा तपासणीतून कितीही दशांशांपर्यंत काढलेला एफ-वन आला, तरी त्यातला पुरेपणा केवळ गृहीत धरलेला असतो. दोनशे सोडलेले मेसेज चिठ्ठ्या टाकून उचलावेत आणि वाचावेत, एवढ्याने निदान मोठं भोक असेल तर दिसतं.

त्या वकिलांकडे १९८५ च्या आधीही हे सूत्र होतंच. पुस्तक येऊन काही वर्षं झाली होती. पण त्यांना ०.३२ हा आकडा कुणी काढून देऊ शकलं नसतं, कारण त्यातला एक छेद टेबलावर नव्हताच. तो संगणकातल्या त्या कागदांत होता ज्यांवर ‘अपघात’ऐवजी ‘ती अडचण’ असं लिहिलेलं होतं.